भिजला सदरा, गारठला गडी

रानशेतसारख्या डहाणूकडच्या गावांत पाऊस धो धो पडतो, पण थंडीने कुणी मरत नाही. आवणी करताना माणूस दिवसभर भिजतो. संध्याकाळी घरी येऊन कपडे बदलतो, चुलीपुढे बसतो, की झाले. म्हणून "पावसात भिजून माणूस दगावतो" असे सांगितले, तर आपल्याला खरे वाटत नाही.

पण ही गोष्ट खरी आहे. २०२३ सालच्या ऑगस्टात हरिश्चंद्रगडावर पुण्याकडची काही माणसे धुक्यात वाट चुकली. वर पाऊस, अंगावर ओले कपडे आणि उघड्यावर रात्र. त्यांतला एक जण गारठून मेला. तिथे बर्फ नव्हता. नुसता पाऊस आणि वारा होता.

असे का होते? त्यासाठी आधी डोंगराचे आणि मग कापडाचे पाहू.

उंचावर जावे तशी हवा गार होते. पावसाळ्यात हजार मीटर वर गेले, की सुमारे पाच-सहा अंश उष्णता कमी होते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे डहाणूला २६ अंश असेल, तेव्हा कळसूबाईवर १७ अंशांच्या आसपास असते. त्यात वर वारा अडवायला झाड नाही की घर नाही.

आता समजा, रानशेतचे चार तरुण कळसूबाईला निघाले आहेत. तिघांनी रोजचे सुती टी-शर्ट घातले आहेत. चौथ्याच्या अंगात कबड्डीच्या सामन्यात मिळालेली जर्सी आहे. बारी गावातून चढ सुरू होतो. चढताना सगळ्यांना घाम फुटतो. वरून पाऊसही लागतो. पण कुणाला थंडी वाजत नाही. कारण चढताना शरीर चुलीसारखे पेटलेले असते. बसून राहिल्यावर अंगात जेवढी ऊब तयार होते, तिच्या चार-पाच पट ऊब चढताना तयार होते.

मग ते शिखरावर पोचतात आणि विसाव्याला बसतात. खरा धोका इथे सुरू होतो. चूल मंदावली, पण ओला सदरा अंगावर तसाच राहिला.

सुती कापड पाण्याचे भारी लोभी. कापसाचा तंतू पाणी नुसते अंगावर घेत नाही, ते पोटात घेतो. टी-शर्ट कोरडा असताना सुमारे १८० ग्रॅम भरतो. तो बुडवून हाताने चांगला पिळला, तरी त्यात जवळजवळ तेवढेच पाणी उरते. पाहायचे असेल तर दुकानातल्या काट्यावर वजन करून पाहा.

हे पाणी दोन तऱ्हांनी ऊब चोरते. कोरड्या कापडाच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि ती हवाच आपल्याला उबदार ठेवते. सुती कापड भिजले, की तंतू मऊ पडतात, कापड अंगाला चिकटते आणि हवेची जागा पाणी घेते. पाण्यातून ऊब हवेपेक्षा सुमारे २४ पट लवकर निघून जाते. ही झाली पहिली चोरी.

दुसरी चोरी वाळण्याची. पाणी वाळायला उष्णता लागते. सदऱ्यातले २०० ग्रॅम पाणी वाळायला किती उष्णता लागते, ठाऊक आहे? दीड लिटर पाणी चुलीवर उकळी येईपर्यंत तापवायला लागते तेवढी! यातली बरीचशी तुमच्या अंगातून जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाला एवढी ऊब तयार करायला तासाहून जास्त वेळ लागतो. वारा सुटला, की चोरी आणखी वेगाने होते.

उन्हाळ्यात हेच सुती कापड आपल्याला सुख देते, कारण तेव्हा अंग गार व्हायलाच हवे असते. म्हणजे सुती कापड वाईट नाही. ते घालायची जागा चुकते.

आता चौथ्या गड्याची जर्सी पाहू. ती पॉलिस्टरची असते. पॉलिस्टरचा तंतू पाणी पोटात जवळजवळ घेतच नाही. पाणी धाग्यांच्या मधल्या फटीत राहते. काढून जोरात पिळली आणि झटकली, की बरेच पाणी निघून जाते. उरलेले लवकर वाळते. म्हणून खाली अंगालगत जर्सी चांगली.

तिच्यावर काय घालावे? लोकरीचे कापड. लोकरही पाणी पिते, पण तिचे केस कुरळे असतात. भिजले तरी ते चेपून अंगाला चिकटत नाहीत, मध्ये हवा धरून ठेवतात. धनगर पावसात घोंगडी घेतो ते उगाच नाही. पण घोंगडी भिजली की जड होते आणि वाळायला फार वेळ घेते. बाजारात मिळणारे ॲक्रिलिकचे स्वेटर हलके असतात, पाणी कमी पितात. तेही चालतात.

सर्वांच्या वर वारा आणि पाऊस अडवणारा रेनकोट हवा. नुसती जर्सी वारा अडवत नाही. आपल्याकडचे इरले पाठीवर हेच काम करते. खाली जीनची पँट नको. ती जाड सुती असते, भिजली की दिवसभर वाळत नाही. शिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड घट्ट बांधून न्यावा. तो मुक्कामालाच काढावा.

कापड कोणते ते कळत नसेल, तर एक दोरा काढून जाळा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. म्हणूनच जर्सी घालून शेकोटीला अगदी चिकटून बसू नये. ती वितळून कातडीला चिकटते.

सोबती गारठला हे कसे ओळखावे? आधी तो कुडकुडतो. मग बोटांना गाठ सुटत नाही, बोलणे अडखळते, पाय लटपटतात. अंगाची उष्णता एरवी ३७ अंश असते. ती ३५ च्या खाली गेली, की जिवाला धोका. अंग ओले आणि गार असूनही कुडकुडणे थांबले, तर त्याला बरे वाटू लागले असे समजू नका. शरीर थकले आहे.

अशा वेळी त्याला वाऱ्याच्या आड न्या. ओले कपडे काढा, अंग टिपून कोरडे घाला आणि डोके झाकून घोंगडीत गुंडाळा. खाली जमिनीवरही काही अंथरा. शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल, तर गरम गोड चहा द्या. दारू देऊ नका. तिने वरवर ऊब वाटते, पण आतली ऊब बाहेर जाते. हातपाय चोळू नका. त्याला हळुवार उचला आणि लवकर दवाखान्यात पोचवा.

सांगा पाहू :
१. चढताना थंडी वाजत नाही, पण बसल्यावर का वाजते?
२. उन्हाळ्यात चांगला वाटणारा सुती सदरा डोंगरावरच्या पावसात घातक का होतो?
३. तुमच्या घरात लोकरीचे, सुताचे आणि पॉलिस्टरचे कपडे कोणते आहेत?