स्पेस दाबून धरा, भाषा बदला



यंदा सुरू लागणीच्या वेळची गोष्ट. एकलहऱ्यात वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात त्या अंगाच्या शिवारात आम्ही बांधावर बसून ऊस नोंदीचा मजकूर मोबाईलवर लिहीत होतो. गाव, गट नंबर, क्षेत्र ८० आर, म्हणजे साधारण दोन एकर, इथवर मराठीत ठीक चालले. पुढे जात लिहायची आली, Co 86032. आमचा फोन इंग्रजी अक्षरे दाबली की मराठी उमटवणारा. Co दाबून स्पेस दिली की लगेच 'को' हजर! खोडले, पुन्हा लिहिले, पुन्हा 'को'. शेवटी सेटिंगमध्ये शिरून मराठी काढून टाकली, जात लिहिली आणि पुन्हा मराठी घातली. यात चहा गार झाला. शेजारच्या वस्तीवरची कॉलेजात जाणारी मुलगी बघत होती. ती म्हणाली, "काका, स्पेसवर बोट दाबून धरा की!"

तेवढेच करायचे होते. बहुतेक अँड्रॉइड फोनांत गुगलचा Gboard हा कळफलक असतो. त्यात स्पेसचे लांब बटण दाबून धरले की घातलेल्या भाषांची यादी वर येते. हवी ती निवडावी आणि लिहू लागावे. लिहिलेला मजकूर आहे तिथेच राहतो. पुष्कळ फोनांत स्पेसच्या डावीकडे पृथ्वीगोलाचे चिन्हही असते. त्यावर एक टिचकी मारली की पुढची भाषा येते. गोल दिसत नसेल तर त्या जागी हसऱ्या तोंडाचे बटण बसलेले असते, म्हणून घाबरू नये, स्पेस आहेच. मात्र यादीत मराठी नसेलच, तर ती एकदा सेटिंगमधून घालून घ्यावी लागते. तेवढे काम घरच्या पोराकडून करून घ्यावे. दुकानदाराने हिंदीही घालून दिली असेल तर गोलाला दोनदा टिचक्या माराव्या लागतात आणि माणूस गोंधळतो. कोणती भाषा चालू आहे हे स्पेसच्या बटणावरच लिहिलेले असते, आधी तिकडे नजर टाकावी.

आता खरी मेख सांगतो, कारण तिथे पैशाचा प्रश्न आहे. बिल ज्या खात्यावर जमा व्हायचे त्या शाखेचा IFSC अकरा खुणांचा असतो. पहिली चार बँकेची इंग्रजी अक्षरे, पाचवे नेहमी शून्य आणि शेवटच्या सहा खुणा शाखेच्या. या पाचव्या जागी तीन गोल घुसू शकतात: इंग्रजी अक्षर O, इंग्रजी शून्य 0 आणि मराठी शून्य ०. आपल्या डोळ्याला तिन्ही सारखेच. यंत्राला मात्र ती तीन वेगळी चिन्हे आहेत, जशी आपल्याला क, ख आणि ग. चालते ते फक्त मधले. समजा चार अक्षरे इंग्रजीत झाली, मग चुकून मराठी चालू झाली आणि शून्य पडले, तर कागदावर छापूनसुद्धा चूक दिसणार नाही. पुढे १ किंवा ५ असा आकडा मराठी वळणाचा दिसला तर शून्यही मराठीच आहे, एवढी एकच खूण. पुढे आणखी शून्येच असतील तर तीही नाही. म्हणून आम्ही आता भाषा बदलून स्पेसवर English वाचतो आणि अकराच्या अकरा खुणा एका दमात लिहितो. मध्ये शंका आली तर एखादे अक्षर दुरुस्त करीत बसत नाही, सगळे खोडून पुन्हा लिहितो. खाते नंबराचेही तसेच.

घरी विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर तिथे खिडकीच्या चित्राचे बटण दाबून धरून स्पेस मारावी. यादी दिसते, हवी त्या भाषेवर आले की बटण सोडावे. डावीकडचे Alt आणि Shift एकत्र दाबूनही भाषा बदलते. गंमत अशी की हीच दोन बटणे चुकून दाबली जातात आणि "कीबोर्ड बिघडला" म्हणून ओरड होते. सरकारमान्य इनस्क्रिप्ट मांडणी चालू असली तर Co ऐवजी 'णद' उमटते. असले काही दिसले की बिघाड नव्हे, भाषा पालटली आहे असे ओळखावे. पासवर्ड लिहिताना तर नुसते ठिपके दिसतात, काय उमटले ते कळतच नाही. तेव्हा खाली घड्याळाशेजारी ENG आहे ना, ते पाहूनच पासवर्ड लिहावा. कॉम्प्युटर उघडतानाच्या पडद्यावरही उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूण असते.

आमची नोंद अखेर गेली. जातीच्या रकान्यात Co 86032 बरोबर उमटले आहे, गट ऑफिसात जाऊन स्वतः पाहून आलो.