एकच क्लोरीन, दोन बंध

रसायनशास्त्राच्या सरावपत्रिकेत NaCl आणि HCl शेजारीशेजारी आले की पुष्कळ विद्यार्थी दोन्हींत सारखीच रेघ मारतात.

क्लोरीनचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ७. अष्टक पुरं व्हायला एक इलेक्ट्रॉन कमी. सोडिअमचं २, ८, १. त्याचा बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन सहज सुटतो, क्लोरीन तो घेतो. म्हणून लुईस आकृतीत इथे रेघ नकोच. Na⁺ आणि आठ ठिपक्यांनी वेढलेला Cl⁻ वेगवेगळे दाखवायचे.

हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन इतक्या सहज सोडत नाही. त्यामुळे जोडी सामाईक राहते, क्लोरीनकडे थोडी झुकलेली. इथे H–Cl ही रेघ बरोबर, शिवाय क्लोरीनवर तीन मोकळ्या जोड्या. पाण्यात HCl चे आयन होतात खरे, पण ते पाण्याशी झालेल्या अभिक्रियेमुळे.

पडताळाही घेता येतो: मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, तर शुद्ध HCl खोलीच्या तापमानाला वायूच असतो.