चाळिशीच्या पुढचे पान

आपल्या भाषेत काही गोष्टींना नावे आहेत, पण ती चारचौघांत उच्चारायची नाहीत असा दंडक आहे. ‘पाळी जाणे’ ही त्यांपैकीच एक. शास्त्राचा शब्द ‘रजोनिवृत्ती’. तो भारदस्त असला तरी बायकांच्या तोंडी नाही. तसा हा विषय आपल्याकडे नवा मुळीच नव्हे. बाईचा विटाळ बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होतो आणि पन्नाशीला संपतो, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. म्हणजे वैद्यांनी लिहून ठेवले, आणि आम्ही मात्र कुजबुजत राहिलो.

माझा धंदा मराठी शिकवण्याचा. औषधाचा आणि माझा संबंध एवढाच, की ते वेळेवर घ्यायचे. तरीही गेली दोन-तीन वर्षे ओळखीच्या बायका मला हळूच विचारतात, “बाई, तुम्ही एवढं वाचता, तर ह्या विषयावरचं एखादं बरं पुस्तक सांगा ना. घाबरवणारं नको आणि थापा मारणारंही नको.” स्वतः त्याच वयात असल्यामुळे मी अशी पुस्तके मिळतील तिथून आणून वाचली. साहित्य पारखायची सवय इथेही कामी आली. पुस्तक खरे की खोटे हे मुखपृष्ठावरून कळत नसले, तरी आतल्या दोन-चार ठिकाणी बोट ठेवले की पुष्कळ कळते.

या पुस्तकांच्या घराण्यातले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे ‘फेमिनिन फॉरेव्हर’. रॉबर्ट विल्सन या न्यूयॉर्कच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने ते १९६६ साली लिहिले. त्याचे म्हणणे असे, की पाळी जाणे ही वयाची अवस्था नसून एक रोग आहे. शरीरातले इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक आटते, ते गोळीने भरून काढले की बाई कायम तरुण राहते. पुस्तक धडाक्याने खपले. पुढे १९७५ साली असे दिसून आले, की नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग जास्त आढळतो. तेव्हापासून जिचे गर्भाशय शाबूत आहे तिला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिन या दुसऱ्या संप्रेरकाची जोड देतात. त्याने अस्तराचे रक्षण होते. विल्सनसाहेबांच्या कामाला औषधकंपन्यांचा पैसा मिळत होता, हेही नंतर उजेडात आले. पहिला धडा त्यातून मिळाला: लेखक काही विकतो आहे काय, हे आधी पाहावे. शेवटच्या प्रकरणात स्वतःच्याच चूर्णाचा, लाळेच्या तपासणीचा किंवा खास बनवून घ्यायच्या मलमाचा पत्ता दिसला, की पुस्तक मिटावे.

दुसरे बोट ठेवायचे ते २००२ या सालावर. संप्रेरकांच्या गोळ्यांविषयी जे पुस्तक बोलते, त्याने या सालाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आणि ती कशी सांगितली आहे, यावरून लेखकाची जात कळते.

अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या हजारो बायकांवर एक मोठा अभ्यास चालू होता. त्यातल्या एका भागात गर्भाशय असलेल्या सोळा हजारांहून अधिक बायका होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवण्यात आला आणि ‘स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला’ अशी बातमी जगभर झाली. असंख्य बायकांनी रातोरात गोळ्या टाकून दिल्या.

आता हे २६ टक्के म्हणजे किती, ते घरच्या हिशेबाने पाहू. दहा हजार बायका पोकळ गोळी घेत असतील, तर वर्षभरात त्यांतल्या ३० जणींना स्तनांचा कर्करोग आढळला. दहा हजार बायका खरी गोळी घेत असतील, तर ३८ जणींना. तीसवरून अडतीस ही वाढ साधारण २६ टक्के, हे खरेच. पण दहा हजारांत वर्षाला आठ जणी अधिक, म्हणजे हजारात एकही पुरती नाही, हेही तितकेच खरे. त्याच हिशेबात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण १५ वरून १० वर आले, हे बातमीच्या मथळ्यात नव्हते. ज्या आठांत आपली कोणी असेल तिला ते आठ थोडे नव्हेत; म्हणून चांगले पुस्तक हा आकडा लपवत नाही आणि फुगवतही नाही. नुसते टक्के सांगून जे पुस्तक थांबते, ते एक तर घाबरवते, नाही तर भुलवते.

या गोष्टीत आणखी एक मेख आहे. अभ्यासातल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या त्या बायका. आणि घाबरली मात्र अठ्ठेचाळीस वर्षांची, जिला रात्री घामाने चादर बदलावी लागत होती ती! पुढे वयाप्रमाणे आकडे पुन्हा तपासले गेले. आज जाणते डॉक्टर असे मानतात, की साठीच्या आतल्या किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी बाईला अंगाच्या लाहीचा खरोखर त्रास असेल, तर औषधाचा फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. जिला स्तनांचा कर्करोग होऊन गेला आहे, किंवा रक्ताची गुठळी झाली आहे, तिची गोष्ट निराळी. म्हणून पुस्तक २००२ च्या आधीचे असेल तर ते जुने समजावे. त्यानंतर लगेचचे असेल तर त्यात भीतीचा अंश जास्त असायचा. गेल्या दहाएक वर्षांतले पाहावे. इंग्रजी वाचणारीला डॉ. जेन गंटर यांचे २०२१ चे ‘द मेनोपॉज मॅनिफेस्टो’ सुचवीन. भाषा थोडी फटकळ आहे, पण हिशेब चोख आहे.

तिसरे बोट व्याख्येवर. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली. त्याआधीची काही वर्षे ती पुढेमागे होते, कमीजास्त जाते. आपल्याकडे सरासरी वय शेहेचाळीसच्या आसपास, पाश्चात्य देशांत एक्कावन्न. परदेशी पुस्तक वाचताना हा फरक लक्षात ठेवावा, नाही तर पंचेचाळिसाव्या वर्षी बाईला वाटते, आपलेच काही बिनसले. पंचेचाळिशीनंतर अशी लक्षणे दिसू लागली तर संप्रेरकांची रक्ततपासणी बहुधा लागत नाही, कारण त्या काळात ते आकडे महिन्या-महिन्याला वरखाली होतात. हे सांगणारे पुस्तक तुमचे पैसे वाचवते. उलट, चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर तपासणी करावीच, हेही त्याने सांगितले पाहिजे.

आणि शेवटची, सर्वांत सोपी परीक्षा. अनुक्रमणिका उघडून ‘रक्तस्राव’ शोधावा. बारा महिने कोरडे गेल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तो एक थेंब असला तरी डॉक्टरांना दाखवायचा. पुष्कळदा कारण साधे निघते. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असेल, तर तो याच खुणेने लवकर सापडतो. ‘या वयात असे चालायचेच’ असे जिथे छापले असेल, ते पुस्तक कितीही गोड भाषेत लिहिलेले असो, रद्दीत घालावे. आणि हे वाक्य जिथे स्वच्छ, न घाबरवता लिहिलेले आढळेल, ते पुस्तक घरी आणून कपाटामागे न लपवता लेकीसुनांच्या हाती लागेल असे ठेवावे.