लेखांक ७ : इंटर्नशिपला रुजू होण्याआधी मागायच्या गोष्टी

गेल्या दोन लेखांकांत आपण यूडीआयडी कार्ड आणि परीक्षेतला जादा वेळ यांविषयी पाहिलं. कॉलेजात या गोष्टी एकदा रुळल्या की दरवर्षी नव्याने सांगाव्या लागत नाहीत. परीक्षा विभागातल्या माणसांना आपण माहीत झालेलो असतो, वर्गातली जागाही ठरलेली असते. इंटर्नशिपला मात्र पाटी कोरी असते. जागा अनोळखी आणि मुदत जेमतेम सहा-आठ आठवड्यांची. टेबल-खुर्ची मिळण्यातच त्यातले तीन आठवडे गेले, तर काम दाखवायला वेळ उरत नाही. म्हणून आज फक्त एवढंच पाहू : काय मागायचं, कुणाकडे मागायचं आणि केव्हा.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरच्या अभियांत्रिकी कॉलेजातली तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. पायांचे स्नायू ताठर आहेत, ती एका हातात कोपराची कुबडी घेऊन चालते, आणि उजव्या हाताची बोटं सावकाश चालत असल्याने टाइप करायला वेळ लागतो. अपंगत्व ४५ टक्के, म्हणजे कार्डावर पिवळा पट्टा. बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी तिची पहिली चाळणी झाली आहे. प्रमाणपत्र महाराष्ट्रातलं आहे म्हणून कर्नाटकात नवं काढायची गरज नाही, ते देशभर चालतं.

तिच्यापुढे पहिली अडचण येते ती निवडीच्या ऑनलाइन चाचणीची, ऑफिस अजून लांब असतं. मेलवर लिंक येते, दीड तासाची चाचणी असते आणि लिंक उघडली की घड्याळ सुरू होतं. सुरू झालेल्या घड्याळात मागाहून वेळ घालणं जिकिरीचं असतं. त्याआधी मात्र एकाच उमेदवाराचा वेळ वाढवून देण्याची सोय अशा चाचण्या घेणाऱ्या बहुतेक प्रणालींत असते, आणि भरती पाहणाऱ्या माणसाच्या हातात ती असते. तेव्हा लिंक उघडण्याआधी मेल गेलाच पाहिजे.

किती वेळ मागायचा? केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत लेखी परीक्षेसाठी तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला आहे. त्या हिशेबाने ९० मिनिटांच्या चाचणीला ३० मिनिटं, म्हणजे एकूण दोन तास. या सूचना खासगी कंपनीच्या चाचणीवर जशाच्या तशा बंधनकारक आहेत, असं मी म्हणणार नाही. पण ‘थोडा जास्त वेळ मिळाला तर बरं होईल’ असं लिहिण्यापेक्षा ‘माझ्या विद्यापीठाच्या परीक्षेत मला तासाला २० मिनिटं मिळतात, तोच हिशेब इथे लावावा’ असं लिहिलं की समोरच्याला निर्णय घेणं सोपं जातं. आकडा हाती आला की त्याला वरिष्ठांना विचारत बसावं लागत नाही. सोबत कॉलेजने दिलेल्या परवानगीचं पत्र जोडावं. या टप्प्यावर खुर्ची, लिफ्ट, गाडी यांतलं काहीच लिहू नये. चाचणीला जे लागतं तेवढंच सांगावं, बाकीचं निवड झाल्यावर.

निवडीचं पत्र आलं की दुसरा मेल, आणि तो रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी. बेंगळुरूच्या बऱ्याच कंपन्यांत आता कुणालाच ठरलेली जागा नसते. रोज सकाळी ॲपवरून टेबल राखायचं, मिळेल तिथे बसायचं. तरुण, धडधाकट माणसाला त्यात काही वाटत नाही. पण आपल्या या विद्यार्थिनीचं टेबल आज लिफ्टजवळ आणि उद्या मजल्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर दिवसभराची शक्ती ये-जा करण्यातच संपते. म्हणून ठरलेली एकच जागा, लिफ्ट आणि स्वच्छतागृह दोन्ही जवळ असलेली, ही पहिली मागणी.

खुर्चीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे भल्या मनाने केलेली मदतच अडचण करते. ‘चांगली खुर्ची हवी’ एवढंच लिहिलं तर कंपनी आपली सर्वांत महागडी, चाकांची, फिरणारी खुर्ची देईल. पाय ताठर असलेल्या माणसाला उठताना दोन्ही हातांनी जोर द्यावा लागतो, आणि नेमकी त्याच क्षणी चाकं मागे सरकतात. पडण्याची भीती खरी तिथे असते. तिला हवी ती साधी, पक्क्या पायांची खुर्ची, दोन्ही बाजूंना हात असलेली, नाहीतर चाकांना कुलूप लागणारी. खुर्चीचे हात टेबलाखाली जात नसतील तर ती टेबलापासून लांब बसेल, पाठ वाकेल आणि दुपारपर्यंत कंबर धरेल. म्हणून टेबलाची उंचीही विचारायची. घरी ज्या खुर्चीवर नीट बसता येतं तिची जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची टेपने मोजावी आणि सेंटिमीटरमध्ये लिहून टाकावी. बसल्यावर तळपाय जमिनीवर पूर्ण टेकत नसतील तर पायाखाली एक ठोकळा मागावा. या सगळ्याचा खर्च मोठा नाही. ऑफिसात कॉन्फरन्स रूममध्ये अशी खुर्ची बहुधा पडलेलीच असते, ती हलवायला कुणीतरी सांगावं लागतं इतकंच.

आणखी एक गोष्ट गेटवरची. मोठ्या टेक पार्कमध्ये बाहेरची टॅक्सी अनेकदा मुख्य फाटकाशीच थांबवतात, आणि आपली इमारत तिथून बरीच आत असते. गाडी इमारतीच्या दारापर्यंत सोडण्याची परवानगी कंपनीच्या हातात नसते, ती टेक पार्कच्या व्यवस्थापनाकडून आणावी लागते, म्हणून तिला दिवस लागतात. रुजू व्हायच्या दिवशी सुरक्षारक्षकाशी वाद घालून हे सुटत नाही.

कंपनीशी पत्रव्यवहार इंग्रजीतच होणार, पण मेलमधला मजकूर साधारण असा असावा : ‘मी अमुक तारखेपासून आठ आठवड्यांसाठी रुजू होत आहे. मला चालताना आणि उठता-बसताना अडचण येते, आणि माझा टाइप करण्याचा वेग कमी आहे. काम नीट करण्यासाठी मला पुढील सोयी लागतील : लिफ्टजवळ एक ठरलेली जागा, हात असलेली, न सरकणारी खुर्ची, बैठकीची उंची अमुक सेंटिमीटर, इमारतीच्या दारापर्यंत टॅक्सीला प्रवेश, आणि रोजच्या उभ्याने होणाऱ्या छोट्या बैठकीत बसून बोलण्याची मुभा. यूडीआयडी कार्डाची प्रत जोडली आहे. यापैकी काही जमण्यासारखं नसेल तर पर्यायाबद्दल बोलायला मी अमुक दिवशी फोनवर उपलब्ध आहे.’ निदान, उपचार, लहानपणीच्या शस्त्रक्रिया यांतलं काहीही त्यात नाही. कार्डावर अपंगत्वाचा प्रकार आणि टक्के असतात. ४५ टक्क्यांच्या माणसाला कोणती खुर्ची लागते, हे त्यावरून कुणालाच कळत नाही. ते आपणच सांगायचं असतं. कंपनीने डॉक्टरांचं पत्र मागितलंच, तर ‘जास्त वेळ उभं राहता येत नाही, उठताना हातांचा आधार लागतो’ अशा शब्दांत घ्यावं. संपूर्ण फाइल पाठवू नये.

मेल जायचा कुणाला? २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्याच्या कलम २१नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि नियमांप्रमाणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात अशा सोयी पाहणाऱ्या संपर्क अधिकाऱ्याच्या नेमणुकीची तरतूद लागते. कंपनीच्या संकेतस्थळावर हे धोरण शोधावं. सापडलं तर मेल एचआरला, प्रत त्या अधिकाऱ्याला आणि दुसरी प्रत कॉलेजच्या प्लेसमेंट सेलला. ही दुसरी प्रत माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, कारण इंटर्न कंपनीचा नोकर मानला जाईलच असं नाही, पण कॉलेजचा विद्यार्थी तो नक्की असतो. इंटर्नशिपला श्रेयांक असतील तर ती अभ्यासक्रमाचाच भाग झाली, आणि शिक्षणसंस्थांनी वाजवी सोय द्यावी असं कलम १६ सांगतं. कॉलेजला अशा वेळी हात झटकता येऊ नयेत.

कायद्याची मर्यादाही माहीत असावी. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव, असं कायद्याच्या व्याख्येतच आहे. पण नोकरीतल्या वाजवी सोयीबद्दलचं स्पष्ट कलम २० सरकारी आस्थापनांपुरतं लिहिलेलं आहे. खासगी कंपनीबाबत भेदभावाची सर्वसाधारण मनाई आणि कलम २१ यांच्या आधारेच बोलावं लागतं. शिवाय सोयीचा बोजा अवाजवी असेल तर ती नाकारता येते. टक्के कमी आहेत म्हणून सोय नाही, हे मात्र ऐकून घेऊ नये. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांच्या अटीशिवाय लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला. सोय ही त्या-त्या व्यक्तीची गरज पाहून ठरवायची, हे त्या निकालाचं सूत्र आहे. कंपनीने काहीच केलं नाही तर कर्नाटकच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. पण तिचा निकाल लागेपर्यंत आठ आठवडे केव्हाच संपलेले असतील, म्हणून सगळा जोर आधीच्या दोन मेलांवर.

आता कामातला जादा वेळ. चाचणीत घड्याळ असतं, तिथे मिनिटं मागता येतात. कामात ‘मला जास्त वेळ द्या’ असं म्हटलं की मॅनेजर एकच अर्थ घेतो : हिला कमी काम द्यायचं. आणि मग तिला फक्त कागदपत्रांची साफसफाई मिळते, शेवटच्या मूल्यमापनात दाखवायला काही उरत नाही. हे फार वेळा घडतं, आणि कुणी वाईट हेतूने करत नाही. त्यापेक्षा वेळ कुठे जातो ते सांगावं. आपल्या विद्यार्थिनीचा विचार वेगवान आहे, फक्त टायपिंग सावकाश आहे. तेव्हा तिने मागायचं ते असं : कामाचा तपशील आदल्या दिवशी लेखी मिळावा, बैठकीत तिथल्या तिथे टाइप करून दाखवायला लावू नये, बोलून टाइप करणारं सॉफ्टवेअर कंपनीच्या लॅपटॉपवर चालवायची परवानगी असावी, आणि मोठं काम दोन टप्प्यांत तपासलं जावं. सॉफ्टवेअरची परवानगी सुरक्षा विभागाकडून येते, त्यामुळे तीही रुजू होण्याआधीच मागितलेली बरी. काम तेवढंच आणि दर्जाही तोच.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मॅनेजरकडे पंधरा मिनिटं मागून दोन प्रश्न विचारावेत : काम अपेक्षेप्रमाणे चाललंय का, आणि शेवटी मूल्यमापन कशावर होणार? उत्तरं त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवावीत. सहाव्या आठवड्यात ‘वेग कमी पडला’ असं ऐकू आलं, तर हा मेल हाताशी असतो.

याच कंपनीकडून पुढे कायम नोकरीचा प्रस्ताव आला, तर सोयींचा मेल पुन्हा नव्याने पाठवावा. इंटर्न म्हणून मिळालेली जागा आणि खुर्ची नव्या करारात आपोआप येत नाही. संघ बदलतो, मजला बदलतो आणि जुना मॅनेजर बहुधा दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो.