बंधाऱ्याखालचे पाणी

भंडारा जिल्ह्यात वैनगंगा, बावनथडी, सूर, चुलबंद या नद्यांच्या पात्रांत वाळूचे थर आहेत. पावसाळा सरल्यावर कोल्हापुरी बंधाऱ्याला बर्गे लावले की वर पाणी चढते आणि खालचे पात्र हळूहळू कोरडे पडते. काँक्रीटच्या तळाची खरी परीक्षा तेव्हा असते. पुरात दोन्हीकडची पातळी जवळपास सारखी असल्याने पाणी तळाखालून फारसे ढकलले जात नाही.

वाळूतून झिरपणारे पाणी दोन प्रकारे घात करते. तळाला खालून वर ढकलते, तो उचल दाब. आणि खालच्या टोकाशी बाहेर पडताना वाळूचे कण उचलते. तिथे दर मीटरला किती दाब खर्च होतो, ती निर्गम प्रवणता. ती १ च्या आसपास गेली की वाळू तरंगू लागते.

अभियंते ब्लाय यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सोपा हिशेब मांडला होता: पाण्याची तळाखालची वाट लांब केली की झाले. पुढे पंजाबातल्या कालव्यांच्या सायफनांखाली नळ्या घालून दाब मोजला, तर तो या हिशेबाशी जुळेना. त्यातून १९३६ साली खोसला, बोस आणि टेलर यांचा ग्रंथ आला. तळाखालची कटऑफ भिंत कुठे आहे हे तिच्या खोलीइतकेच मोलाचे, हे त्यांनी दाखवले.

उदाहरण घेऊ. पाणी ३ मीटर अडवले आहे, तळ १५ मीटर लांब आहे आणि खालच्या टोकाची कटऑफ भिंत २.५ मीटर खोल आहे. खोसलांच्या सूत्राने निर्गम प्रवणता सुमारे १/४.९ येते. जाड्या वाळूला १/५ ते १/६ आणि बारीक वाळूला १/६ ते १/७ चालते, म्हणजे ही रचना दोन्हींना अपुरी. तळ ५ मीटरने वाढवला तर १/५.६ मिळते. त्याऐवजी भिंत ४ मीटर नेली तर १/६.५. दीड मीटर खोलीने पाच मीटर काँक्रीटपेक्षा जास्त काम केले. भिंतच नसेल तर टोकाशी प्रवणता हिशेबात अमर्याद होते.

मात्र खालची भिंत पाणी तुंबवून तळाखालचा उचल दाब वाढवते. वरच्या टोकाची भिंत तो कमी करते. म्हणून दोन्ही लागतात आणि तळाची जाडी उरलेल्या दाबावर ठरते: १.२ मीटर दाब उरला तर सुमारे १ मीटर काँक्रीट. खडक उथळ असेल तर भिंत त्यात रुतवावी. अर्धवट खोलीची भिंत गळती फार थोडी घटवते. बाजूच्या पंखभिंतीशी सांधा सुटला तर पाणी वळसा घालून काठातून येते.

धोका डोळ्यांना दिसतो. खाली वाळूचे उकळे फुटतात, तळ ठोकल्यावर पोकळ वाजतो. उकळ्यातले पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवावे. गढूळ असेल तर आधी काही बर्गे काढून पातळी उतरवावी, मग उकळ्यावर आधी जाडी वाळू, तिच्यावर खडी, वर दगड असा गाळणथर घालावा. उकळा सिमेंटने किंवा मातीने बुजवू नये. वाट बंद झालेले पाणी शेजारी जास्त जोराने फुटते.