शेअर नाही, निव्वळ करार

शेअर विकून झालेला फायदा भांडवली नफा ठरतो, मग त्याच डीमॅटमधल्या निफ्टी ऑप्शनचा फायदा धंद्याचे उत्पन्न कसा, असा प्रश्न नव्याने ट्रेडिंग करणाऱ्यांना हमखास पडतो. शेअर घेतला की कंपनीतला हिस्सा आपला होतो. तो वर्षानुवर्षे ठेवता येतो, त्यावर लाभांश मिळतो. निफ्टीचा फ्युचर घेतला तर हाती येतो फक्त एक मुदतबंद करार. मुदत संपली की फरकाची रक्कम खात्यात येते किंवा जाते आणि करार संपतो. किमतीच्या फरकावर कमाई करणे हाच हेतू, तोही पुन्हा पुन्हा व्यवहार करून. आयकराच्या नजरेत हा धंदा आहे, मग तुमचे दुकान असो वा नसो.

आता इथे एक गाठ होती. प्रत्यक्ष माल ताब्यात न घेता फरकावर मिटवलेला सौदा १९६१च्या आयकर कायद्यात ‘सट्टा’ ठरत असे. त्या व्याख्येत २००५च्या वित्त कायद्याने अपवाद घातला : मान्यताप्राप्त शेअर बाजारातले, नियमानुसार नोंद झालेले डेरिव्हेटिव्हचे सौदे सट्टा मानायचे नाहीत. इंट्राडे शेअर ट्रेडिंग मात्र अजून सट्ट्यातच मोडते. हा भेद तोट्याच्या वर्षी कळतो.

समजा, नाशिकच्या खासगी कारखान्यातल्या एका इंजिनिअरचा पगार ९ लाख आहे. ऑप्शनच्या काही सौद्यांत त्याला २ लाख मिळाले, बाकीच्यांत ३ लाख ८० हजार गेले. निव्वळ तोटा १ लाख ८० हजार. पगारातून तो वजा होत नाही, इथेच बहुतेकांची निराशा होते. पण बँकेच्या ठेवीवरचे ४० हजार व्याज त्यातून वळते होईल. उरलेला १ लाख ४० हजारांचा तोटा पुढची ८ वर्षे धंद्याच्या नफ्यातून वजा करता येईल. सट्ट्याचा तोटा असता तर तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून आणि ४ वर्षांतच वळता झाला असता.

धंदा म्हटल्यावर खर्चही आले. ब्रोकरेज आणि सौद्यांवरचा एसटीटी दोन्ही वजावटीला चालतात. भांडवली नफ्यात एसटीटीची वजावट मिळत नाही. उलाढाल मोजताना मात्र नफा-तोटा दोन्ही बेरजेत धरतात, म्हणून या इंजिनिअरची उलाढाल ५ लाख ८० हजार, कराराची लाखो-कोटींची किंमत नव्हे. ऑडिट लागते की नाही, हे याच आकड्यापासून पाहायला सुरुवात होते.

स्वतःच्या जुन्या शेअर्सना विमा म्हणून एखाद्या वेळी पुट घेणाऱ्याला वेगळा युक्तिवाद करता येतो. नेहमी सौदे करणाऱ्याला मात्र त्याचा उपयोग नाही.

‘तोटाच झाला, कर कुठे लागतोय’ म्हणून अनेक पगारदार नेहमीचा सोपा अर्ज भरून मोकळे होतात. एफ अँड ओसाठी आयटीआर-३ लागतो, आणि तो मुदतीत भरला नाही तर तोटा पुढे नेण्याचा हक्क जातो.