रुपया घसरला, मग मार्जिन का घसरलं?

रुपया घसरला की बातम्यांत ठरलेलं वाक्य येतं: आयटी कंपन्यांची चांदी! हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कंपनीच्या हिशेबात शिरल्याशिवाय दिसत नाही.

हिंजवडीतली एक मध्यम कंपनी आहे असं धरू. अमेरिकी ग्राहकांना ती महिन्याला १० लाख डॉलरचं बिल लावते. डॉलर ८० रुपयांना असताना त्याचे ८ कोटी झाले. पुण्यातले पगार, इमारतीचं भाडं, वीज, बसगाड्या हा रुपयातला खर्च ४ कोटी ४० लाख. काही इंजिनिअर मात्र तिकडे ग्राहकाच्याच ऑफिसात बसतात. त्यांचे अडीच लाख डॉलर पगार, म्हणजे २ कोटी. हाती उरले १ कोटी ६० लाख. मार्जिन २० टक्के.

आता डॉलर ८४ वर गेला. मिळकत ८ कोटी ४० लाख झाली. पुण्यातला खर्च तोच राहिला, पण तिकडचे पगार रुपयांत मोजताना २ कोटी १० लाख भरले. नफा १ कोटी ९० लाख, मार्जिन साडेबावीस टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे वाढीव ४० लाखांतले १० लाख परदेशातल्या पगारांनीच खाल्ले.

पण एवढंही सहसा पदरात पडत नाही. रुपया वधारला तर फटका नको, म्हणून कंपन्या पुढे येणारे डॉलर बँकेला आधीच ठरलेल्या भावाने विकून ठेवतात. याला हेजिंग म्हणतात. आपल्या कंपनीने निम्मे डॉलर ८१ ने विकले असतील, तर त्यांवर ८४ चा भाव तिला मिळणार नाही. तिथे १५ लाख गेले आणि नफा १ कोटी ७५ लाखांवर आला. यात कंपनीची चूक नाही. निश्चिंतीची ती किंमत आहे.

खरा घाव पगारवाढीचा. पुण्यातला खर्च नुसता ८ टक्क्यांनी वाढला, तरी ३५ लाख जातात. मार्जिन १७ टक्क्यांवर येतं, रुपया पडण्याआधी होतं त्याहूनही खाली. शिवाय पगार दरवर्षी वाढतात. रुपयाच्या एका घसरणीचा हातभार मात्र मार्जिनला एकदाच लागतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर साधारण ७४-७५ रुपयांना होता, ऑक्टोबरात तो ८३ च्या वर गेला. तरीही २०२२-२३ या आर्थिक वर्षात इन्फोसिसचं मार्जिन २३ टक्क्यांवरून २१ वर आलं, टीसीएसचं २५.३ वरून २४.१ वर. माणसं भराभर नोकऱ्या सोडत होती, त्यांना टिकवायला आणि नवी आणायला पैसा लागत होता. रुपयाने दिलेलं तिथेच गेलं.

तेव्हा तिमाही निकाल वाचताना रुपयातल्या वाढीवर थांबू नका. ‘कॉन्स्टंट करन्सी’ असं लिहिलेला वाढीचा आकडा शोधा. चलनांच्या भावातला चढउतार त्यातून वगळलेला असतो, त्यामुळे काम खरंच किती वाढलं ते तिथेच कळतं.